तासाभरात बसणारा प्रेस: जालन्याच्या एका वर्कशॉपमधलं हायड्रॉलिक सर्किट

जालन्याच्या एमआयडीसीत एक जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्यांचे हब, रोलिंग मिलच्या कपलिंगचे बुश, बेअरिंग काढणं-बसवणं अशी कामं तिथं चालतात. या सगळ्याचा आधार म्हणजे ३० टनांचा एक उभा हायड्रॉलिक प्रेस. वैशाख सुरू झाला तसा या प्रेसनं त्रास द्यायला सुरुवात केली. मी वाळूजला पॉवरपॅकची कामं करतो, म्हणून मालकांनी मला बोलावलं. त्यांनी तक्रार सांगितली ती अशी: "साहेब, सकाळचा पहिला तास एक नंबर चालतो. त्याच्यानंतर दमच धरत नाही. बुश अर्ध्यात जाऊन थांबतो. लई ऊन आहे ना यंदा, त्याच्यानं तेल पातळ होतंय, असं मिस्त्री म्हणले."

मी पोचेपर्यंत तीन उपाय सुचवून झाले होते. पहिला अमलातही आला होता: सिलिंडर उघडून सीलचा संपूर्ण किट बदलला होता. फरक काहीच नाही. दुसरा, तेलासाठी कूलर बसवायचा, त्याचं कोटेशन टेबलावर पडलेलं होतं. तिसरा उपाय सगळ्यात धोक्याचा. जास्तीचा दाब टाकीत सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हचा लॉकनट सैल करून स्क्रू आत घेतला होता, म्हणजे "प्रेशर वाढेल". त्यानं दुपारचं प्रेशर वाढलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी, तेल थंड असताना, गेजचा काटा २१० वर गेला आणि मोटरचा ओव्हरलोड ट्रिप झाला. स्क्रू परत मागे घेतला तेव्हा कुठं मोटर चालू राहिली.

प्रेसमागच्या पॅनेलच्या दारात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं सर्किटचं चित्र होतं. बनवणाऱ्यानं प्रेससोबत दिलेलं. तेलाचे डाग पडले होते, पण वाचता येत होतं. दोष पकडता आला तो या कागदामुळे, म्हणून आधी तो कागद वाचू या.

कागदावर काय होतं

खाली वरून उघडी अशी एक चौकट, ती तेलाची टाकी. टाकीत बुडलेल्या रेषेवर तिरका उभा चौकोन आणि त्यात तुटक रेघ, म्हणजे सक्शनची जाळी. त्याच्यावर एक वर्तुळ, आणि वर्तुळाच्या आत कडेला टेकलेला भरीव काळा त्रिकोण, टोक बाहेरच्या दिशेला. हा पंप. त्रिकोण भरीव असला की आत वाहणारं द्रव आहे, पोकळ असला की हवा. टोक बाहेर असलं की पंप, टोक आत असलं की तेलावर फिरणारी हायड्रॉलिक मोटर. पंपाच्या बाजूला दुसरं वर्तुळ, त्यात एम अक्षर, ती विजेची मोटर.

पंपातून वर जाणाऱ्या रेषेला दोन फांद्या. एका फांदीवर वर्तुळात तिरका बाण, तो प्रेशर गेज. दुसऱ्या फांदीवर एकच चौकोन, त्यात एक बाण, पण तो बाण आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या रेषेपासून थोडा बाजूला सरकलेला. चौकोनाच्या एका अंगाला स्प्रिंगची नागमोडी रेघ, दुसऱ्या अंगाला तुटक रेघेनं पंपाच्याच रेषेचा दाब आणून जोडलेला. हा रिलीफ व्हॉल्व्ह. बाण बाजूला आहे याचा अर्थ वाट एरवी बंद. तुटक रेघेतून येणारा दाब स्प्रिंगपेक्षा भारी झाला की बाण रेषेत येतो आणि तेल थेट टाकीत जातं. या प्रेसवर तो १५० किलो प्रति चौरस सेंटीमीटरला लावायचा होता. रिलीफ व्हॉल्व्ह तेलाला दिशा देत नाही. दाबाची कमाल मर्यादा कुठं, एवढंच तो ठरवतो.

दिशा देतो तो त्याच्या वरचा व्हॉल्व्ह. चित्रात एकमेकांना चिकटलेले तीन चौकोन, दोन्ही टोकांना स्प्रिंग आणि तिरकी रेघ मारलेला छोटा आयत, म्हणजे सोलेनॉइड, वीज दिली की व्हॉल्व्ह सरकवणारी कॉइल. खालून दोन रेषा येतात: पी म्हणजे पंप, टी म्हणजे टाकी. वरून दोन रेषा निघतात: ए आणि बी, सिलिंडरच्या दोन तोंडांकडे. चार तोंडं आणि तीन जागा, म्हणून बाजारात याला फोर-थ्री व्हॉल्व्ह म्हणतात.

हे तीन चौकोन म्हणजे तीन वेगळे व्हॉल्व्ह असं पुष्कळांना वाटतं. व्हॉल्व्ह एकच आहे, आत एकच स्पूल, म्हणजे सरकणारा दांडा आहे, आणि तो तीन ठिकाणी उभा राहू शकतो. प्रत्येक चौकोन म्हणजे त्या त्या ठिकाणी तेलाच्या वाटा कशा जुळतात त्याचा नकाशा. वाचायची रीत अशी: पी, टी, ए, बी या रेषा जागच्या हलत नाहीत. सोलेनॉइडला वीज मिळाली की सरकत्या खिडकीसारखी चौकोनांची पट्टी बाजूला सरकते आणि शेजारचा चौकोन या रेषांसमोर येतो, अशी कल्पना करायची. एका टोकाच्या चौकोनात दोन सरळ बाण आहेत: पी कडून ए कडे, बी कडून टी कडे. तेल सिलिंडरच्या वरच्या भागात जातं, रॅम, म्हणजे जॉबवर दाब देणारा प्रेसचा हलता भाग, खाली येतो आणि खालच्या भागातलं तेल टाकीत परततं. दुसऱ्या टोकाच्या चौकोनात बाणांची फुली: पी कडून बी कडे, ए कडून टी कडे. रॅम वर जातो. कोणतंही बटण दाबलेलं नसतं तेव्हा दोन्ही स्प्रिंगा स्पूलला मधोमध धरतात. चित्र नेहमी याच अवस्थेत काढलेलं असतं, म्हणून रेषा मधल्या चौकोनाला जोडलेल्या दिसतात.

या प्रकरणाचं सगळं मर्म त्या मधल्या चौकोनात आहे. कागदावर त्यात पी आणि टी एका रेषेनं जोडलेले होते, आणि ए व बी यांच्यापुढे आडवी छोटी रेघ होती, म्हणजे ती तोंडं बंद. याला टँडम सेंटर म्हणतात. अर्थ असा की प्रेस रिकामा उभा असताना पंपाचं तेल व्हॉल्व्हमधूनच, जवळजवळ बिनदाबानं, टाकीत परत जायला हवं, आणि रॅम जिथं आहे तिथं थांबायला हवा.

३० टन येतात कुठून

निदानाकडे वळण्याआधी बलाचा हिशोब पाहावा लागेल, कारण "प्रेशर आहे पण दम नाही" आणि "दम आहे पण वेग नाही" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्यांची गल्लत केली की नको ते सुटे भाग बदलले जातात.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात हातानं चालवायचा एक छोटा प्रेस होता. मालकांच्या मुलानं नुकताच डिप्लोमाला प्रवेश घेतलेला. त्याला मी त्याच्यावरच हिशोब करायला लावला. हातपंपाचा प्लंजर १२ मिलिमीटर व्यासाचा, रॅम ६० मिलिमीटरचा. व्यास ५ पट, म्हणून क्षेत्रफळ २५ पट. दांडा असा की हाताचा जोर प्लंजरवर १५ पट होऊन पोचतो. हातानं २० किलोचा जोर दिला की प्लंजरवर ३०० किलो. प्लंजरचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे तेलात दाब तयार झाला सुमारे २६५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर. बंद जागेतल्या तेलात हा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम. रॅमच्या २८.३ चौरस सेंटीमीटरवर तोच दाब पडला की ७,५०० किलो, साडेसात टन.

"मग फुकटात २५ पट मिळालं की," पोरगा म्हणाला.

"दांडा किती वेळा मारला?"

त्यानं मोजून पाहिलं. प्लंजरचा फेरा अडीच सेंटीमीटर. रॅम एक सेंटीमीटर पुढे जायला प्लंजरला २५ सेंटीमीटरचा प्रवास करावा लागतो, म्हणजे दहा वेळा दांडा. जोर २५ पट मिळाला तो अंतर २५ पट देऊन. जोसेफ ब्रामानं १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं त्याच्या मुळाशी हाच व्यवहार आहे, आणि मोठ्या प्रेसवरही तो चुकत नाही.

मोठ्या प्रेसच्या सिलिंडरचा बोअर १६० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटीमीटर. १५० च्या दाबाला २०१ नं गुणलं की ३०,१५० किलो. हेच ते ३० टन. दाब भाराप्रमाणे वाढत जातो. रॅम रिकामा खाली येतो तेव्हा गेज जेमतेम हलतो, बुश अडला की चढतो. वेग मात्र पंपाच्या तेलावर ठरतो. पंप मिनिटाला साधारण २० लीटर देतो, म्हणजे २०,००० घनसेंटीमीटर. भागिले २०१, म्हणजे मिनिटाला एक मीटरच्या आसपास, सेकंदाला दीड सेंटीमीटरहून थोडं जास्त. परत वर जाताना रॅमचा दांडा मध्ये जागा खातो. दांडा ९० मिलिमीटरचा आहे, त्यामुळे कडेला १३७ चौरस सेंटीमीटरच उरतात. म्हणून वर जाताना जोर कमी, वीस टनांच्या आसपास, पण वेग जास्त, सेकंदाला जवळपास अडीच सेंटीमीटर. रॅम वर जाताना जोरात पळतो हे पाहून कुणी कुणी व्हॉल्व्हवर शंका घेतात. ती शंका बिनबुडाची आहे.

आता रिलीफचा स्क्रू आत घेण्याचं बघा. २१० च्या दाबाला हाच रॅम ४२ टन देतो. चौकट, पिना आणि होज ३० टनांच्या हिशोबानं केलेले आहेत. मोटर साडेसात किलोवॅटची, म्हणजे १० एचपी. २१० दाब आणि २० लीटर तेल याला पंपाची झीज-घट धरून आठ किलोवॅटच्या वर लागतात. ओव्हरलोड ट्रिप झाला तो मोटर खराब म्हणून नव्हे, तिच्याकडून जास्त मागितलं म्हणून. ती ट्रिप झाली हे बरंच झालं, नाहीतर एखादा होज फुटला असता. या दाबाचं तेल बारीक भोकातून निघालं तर कातडीत घुसतं. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो, आणि गळती कुठून आहे हे बोट लावून कधीच तपासायचं नाही.

बटण न दाबता गेज पाहिला

मी प्रेसवाल्या मामांना म्हणालो, "मामा, मोटर चालू करा, पण बटणाला हात लावू नका."

मोटर फिरली. रॅम हलला नाही. गेजचा काटा सरळ १५० वर गेला आणि तिथंच उभा राहिला. व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूनं बारीक सलग शिट्टीसारखा आवाज येत होता.

"नेहमी असाच राहतो काटा?"

"हो ना. फुल्ल प्रेशर दाखवतो. प्रेशरला काही कमी नाही बघा, दमच का धरत नाही ते कळंना."

मामांची समजूत स्वाभाविक होती. काटा वर आहे म्हणजे मशीन तयार आहे, असंच कुणालाही वाटेल. पण हातातला कागद वेगळं सांगत होता. मधल्या जागेत पी आणि टी जोडलेले असतील तर रिकाम्या अवस्थेत गेज दहाच्या आतच राहायला हवा. काटा १५० वर आहे याचा अर्थ पंपाच्या तेलाला व्हॉल्व्हमधून वाटच नाही. पंप तर दर फेऱ्याला तेल ढकलणारच, तो थांबत नाही. मग ते तेल जाणार कुठून? रिलीफ व्हॉल्व्ह उघडून. शिट्टी त्याचीच होती.

हिशोब सोपा आहे. दाब गुणिले मिनिटाचे लीटर, भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये. १५० गुणिले २०, भागिले ६००, म्हणजे ५ किलोवॅट. कोणतंही काम न करता तेल दाबातून सुटलं की ही सगळी शक्ती उष्णता होऊन तेलातच राहते. टाकीत १०० लीटर तेल आहे. ५ किलोवॅट त्यात गेले की दर मिनिटाला जवळपास पावणेदोन अंश तापमान चढतं. मामा एक बुश बसवतात, मग पुढचा जॉब उचलून मध्ये नीट लावतात, दर मिनिटातली चाळीस सेकंद मोटर रिकामीच फिरते. टाकीच्या पत्र्यातून थोडी उष्णता बाहेर जाते, पण तेवढ्यानं भागत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर टाकीला लावला तेव्हा तासभर चालल्यावर ८४ अंश दाखवले. रिलीफपासून टाकीकडे येणाऱ्या परतीच्या पाइपजवळ हात नेववत नव्हता.

बाहेरचं ऊन यात किती? जालन्याला वैशाखात ४२ अंश आणि थंडीत दुपारी ३० धरले तर फरक १२ अंशांचा. ८४ अंशांचा हिशोब त्यानं लागत नाही. शिवाय हा प्रेस आधीच्या उन्हाळ्यांत याच पत्र्याखाली दिवसभर चालत होता.

व्हॉल्व्ह कधी बदलला?

हा प्रश्न विचारला तेव्हा मालकांना आठवलं. महिन्यापूर्वी व्हॉल्व्हची एक कॉइल जळाली होती. हातात काम होतं, म्हणून कॉइलपुरतं न थांबता अख्खा व्हॉल्व्हच आणून बसवला. माप तेच, खालच्या प्लेटवरची भोकं तीच, चार बोल्ट तसेच बसले, कॉइलचा व्होल्टेजही जुळला. बसवल्यावर बटण दाबलं तर रॅम खाली, दुसरं दाबलं तर वर. कुणाला काही वेगळं दिसलंच नाही.

जुना व्हॉल्व्ह भंगाराच्या डब्यात सापडला. रॉकेलच्या फडक्यानं पाटी पुसली आणि दोन्ही व्हॉल्व्ह शेजारी ठेवले. पाटीवर तीन चौकोनांची खूण कोरलेलीच असते. दोन्हींचे कडेचे चौकोन अगदी सारखे. जुन्याच्या मधल्या चौकोनात पी आणि टी जोडलेले, नव्याच्या मधल्या चौकोनात चारही तोंडांना आडव्या रेघा. क्लोज्ड सेंटर. क्रमांकातही फरक होता: एकावर 3C60, दुसऱ्यावर 3C2. बाजारात सर्रास मिळणाऱ्या एका मालिकेत पहिला टँडमचा, दुसरा चारही तोंडं बंद असलेल्याचा. कंपनीप्रमाणे हे आकडे-अक्षरं बदलतात, म्हणून विश्वास पाटीवरच्या खुणेवर ठेवावा.

नवा व्हॉल्व्ह सदोष मुळीच नव्हता. एकाच पंपावर दोन-तीन सिलिंडर समांतर चालवायचे असले तर क्लोज्ड सेंटरच लागतो, कारण टँडम असता तर एका रिकाम्या व्हॉल्व्हमधून सगळं तेल टाकीत पळून गेलं असतं आणि बाकीच्या सिलिंडरांना दाबच मिळाला नसता. पण तशा सर्किटमध्ये पंपाचा भार उतरवायला वेगळा अनलोडिंग व्हॉल्व्ह असतो, किंवा पंपच गरजेप्रमाणे तेल कमी करणारा असतो. या प्रेसवर पंप साधा गिअर पंप, सतत २० लीटर देणारा, आणि भार उतरवायची वाट व्हॉल्व्हच्या मधल्या जागेतच ठेवलेली. ती वाट बंद झाली.

तेल तापल्यावर दम का गेला

इथं मालकांनी रास्त शंका काढली. "तेल तापलं हे मान्य. पण रिलीफ तर १५० लाच लावलेला आहे. मग दुपारून ११० च्या वर काटा का जात नाही?"

मिस्त्रींचं "तेल पातळ होतंय" हे म्हणणं इथं खरं ठरतं. चूक फक्त कारणात होती. प्रेसमध्ये ६८ ग्रेडचं तेल आहे. हा आकडा ४० अंशांना असलेल्या घट्टपणाचा. ८० अंशांना तेच तेल १४ च्या आसपास येतं, म्हणजे एक पंचमांश. गिअर पंपात दाताच्या टोकाशी आणि बाजूच्या प्लेटशी अगदी बारीक फट असते, आणि तिच्यातून थोडं तेल दाबाच्या बाजूकडून सक्शनच्या बाजूकडे मागे सरकत असतं. तेल जितकं पातळ तितकी ही गळती जास्त, जवळपास त्याच पटीत. पंप नवा असता तर हे चाललं असतं. हा पंप बरीच वर्षं चाललेला. सकाळी त्यातून मिनिटाला पाचेक लीटर मागे सरकत असतील तर दुपारी तेच पंचवीस लीटरपर्यंत जाऊ पाहतं, आणि पंपाकडे आहेत फक्त वीस. म्हणून दाब १५० ला पोचायच्या आतच, ११० ला, आत आलेलं सगळं तेल आतल्या आत फिरतं. ११० ला २०१ नं गुणलं की २२ टन. त्या हबचे बुश २५-२६ टनांना जाणारे. ते अर्ध्यात अडकणारच.

याचा पुरावा कानानं मिळाला. सकाळी ऐकू येणारी रिलीफची शिट्टी दुपारी बंद झालेली होती. दाब रिलीफपर्यंत पोचतच नव्हता. अशा वेळी रिलीफचा स्क्रू कितीही आत घ्या, काटा वर चढणार नाही, कारण तेल रिलीफमधून जात नाही. गरम तेलात स्क्रू फिरवून काटा हलला नाही, तर रिलीफ सोडून पंप, व्हॉल्व्ह किंवा सिलिंडरमधली आतली गळती शोधायची.

सिलिंडरची गळती वेगळी तपासली, म्हणजे सीलबद्दल शंका राहायला नको. रॅम खाली टेकेपर्यंत आणला, मोटर बंद केली, व्हॉल्व्हची हाताची पिन दोन्ही बाजूंनी दाबून दाब उतरवला, मग सिलिंडरच्या खालच्या तोंडाचा होज सोडून सुटलेलं टोक बुचानं बंद केलं. रॅम टेकलेलाच असताना पुन्हा वरून दाब दिला, सगळे बाजूला उभे राहिले. दट्ट्याचा सील गेला असता तर उघड्या तोंडातून तेलाची धार लागली असती. फक्त आत उरलेलं थोडं तेल ओघळलं आणि थांबलं. नवा किट व्यवस्थित बसवलेला होता, पण त्याची गरज नव्हती.

दुरुस्ती, आणि जे उरलं ते

जुन्या व्हॉल्व्हचा स्पूल हाताच्या पिननं दाबून पाहिला. सहज सरकत होता, स्प्रिंगनं परत येत होता. जळाली होती ती फक्त कॉइल, आणि ती नट काढून स्वतंत्र बदलता येते. नवी कॉइल आणली, व्हॉल्व्ह धुऊन, ओ-रिंगा बदलून परत बसवला. तेल काळपट झालं होतं, जळकट वास येत होता, ते पूर्ण काढून ६८ ग्रेडचंच नवं भरलं आणि सक्शनची जाळी साफ केली. रिलीफ पुन्हा १५० ला लावून लॉकनट घट्ट केला. कूलरचं कोटेशन मालकांनी बाजूला ठेवलं.

मोटर चालू केली. बटण न दाबता काटा ८ वर. त्या अवस्थेत तेलात जाणारी शक्ती आता पाव किलोवॅटच्या आसपास. मामा काट्याकडे बघत म्हणाले, "एवढंच? मग बुश कसा जाईल?" त्यांनी हब लावला, बटण दाबलं. रॅम खाली आला, बुशला टेकला, काटा चढत चढत १३० वर गेला आणि बुश कॉलरपर्यंत बसला. बटण सोडलं की काटा पुन्हा ८ वर. दाब लागतो तेव्हाच तयार होतो, ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि तेव्हापासून रिकाम्या अवस्थेतला काटा ते सकाळी मोटर सुरू केल्याबरोबर बघतात.

दिवसभराच्या कामानंतर, तसंच ऊन असताना, तेल ५५ ते ५८ अंशांवर थांबलं. दुपारीही १५० मिळत होते. एक मर्यादा मात्र मालकांना स्पष्ट सांगितली. टँडमच्या मधल्या जागेत ए आणि बी बंद असले तरी स्पूलच्या फटीतून तेल थेंबाथेंबानं सुटतं, म्हणून बंद प्रेसचा रॅम रात्रभरात थोडा खाली उतरलेला दिसेल. हा दोष नाही, पण रॅमखाली हात घालून काम करायचं झालं तर ठोकळा लावल्याशिवाय चालणार नाही. रॅम तसूभरही हलू नये अशी गरज असली तर सिलिंडरजवळ पायलट चेक व्हॉल्व्ह बसवावा लागतो. त्यासाठी मधल्या जागेत पुन्हा वेगळाच स्पूल लागतो, ज्यात ए आणि बी टाकीला उघडतात, आणि मग पंपाचा भार उतरवायची सोय आणखी कुठंतरी करावी लागते.

पंपाची झीज तर तशीच आहे. थंड तेलात भाराखाली रॅम ज्या वेगानं जातो त्याच्यापेक्षा ५५ अंशांना तो हळू जातो, आणि हे फक्त भाराखालीच दिसतं, रिकाम्या फेऱ्यात नाही. एकाच मापाचा बुश सकाळी आणि दुपारी किती सेकंदांत बसतो हे मामा आता पॅनेलच्या दारावर खडूनं लिहून ठेवतात. दुपारचे सेकंद सकाळच्या दुपटीला आले की पंप बदलायचा, असं ठरलं आहे, आणि शक्यतो उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत. सर्किटच्या कागदाची मोठी झेरॉक्स काढून लॅमिनेट केली, ती प्रेसच्या खांबाला लावली आहे. मधल्या चौकोनाभोवती मालकांच्या मुलानं लाल पेनानं गोल केला आणि खाली व्हॉल्व्हचा क्रमांक लिहिला.